आरशासमोर उभा राहिलेला तरंग

धातूच्या सपाट पत्र्यावर रेडिओ तरंग सरळ समोरून येऊन आदळला, की आल्या वाटेनेच परत फिरतो. पत्र्यासमोरच्या जागेत मग येणारा आणि परतणारा असे दोन तरंग एकाच वेळी असतात. त्यांची बेरीज होऊन जे तयार होते, ते दोघांपैकी कोणासारखेच वागत नाही. ठरावीक अंतरांवर अशा जागा तयार होतात, जिथे विद्युत क्षेत्र कधीच उमटत नाही. त्यांच्या अधेमध्ये ते मूळ तरंगाच्या दुप्पट जोराने खालीवर होत राहते. हा नमुना पुढे सरकत नाही आणि मागेही येत नाही. म्हणून त्याला स्थिर तरंग म्हणतात. त्यातल्या शांत जागा म्हणजे निस्पंद बिंदू आणि सर्वांत जोरकस जागा म्हणजे प्रस्पंद बिंदू.

लागोपाठच्या दोन निस्पंदांमधले अंतर अर्ध्या तरंगलांबीएवढे असते, हे शिकलेल्या बहुतेकांच्या लक्षात राहते. पत्र्यापासून मोजायला सुरुवात केली तर पहिला निस्पंद कुठे सापडेल, हा प्रश्न मात्र मागे पडतो. वास्तविक तोच जास्त बोलका आहे. अंतर सांगते ते फक्त तरंगाची लांबी. पत्र्यापाशी नेमके काय घडले, ते पहिल्या निस्पंदाच्या जागेवरूनच कळते.

पत्र्यापाशी काय घडते ते आधी पाहू. येणारा तरंग प्रतल तरंग आहे असे धरू, म्हणजे त्याच्या पुढे जाण्याच्या दिशेला काटकोनात असलेल्या संपूर्ण पातळीवर क्षेत्र एकसारखे आहे. तरंगाचे विद्युत क्षेत्र पत्र्याला समांतर आहे. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन भरपूर असतात आणि विद्युत क्षेत्र जाणवताच ते हलू लागतात. आदर्श संवाहक म्हणजे असा धातू, ज्यात या हालचालीला रोधच नाही. अशा धातूच्या आत क्षेत्र टिकूच शकत नाही. किंचित जरी उरले, तरी इलेक्ट्रॉन ते मिटेपर्यंत सरकतील. म्हणून पत्र्याच्या पृष्ठभागावर असा प्रवाह सुरू होतो, जो धातूच्या आत येणाऱ्या क्षेत्राला प्रत्येक क्षणी पुरते खोडून काढतो.

पण खाली-वर होणारा प्रवाह म्हणजे अँटेनाच. पृष्ठभागावरचा हा प्रवाह स्वतः तरंग बाहेर टाकतो, आणि सपाट थरातला प्रवाह दोन्ही बाजूंना सारखाच टाकतो, कारण पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती हे थराला ठाऊक नसते. धातूच्या आत जाणारे त्याचे विद्युत क्षेत्र येणाऱ्या क्षेत्राइतकेच आणि बरोबर उलट असायला हवे, नाहीतर खोडाखोड पूर्ण होणार नाही. थर दोन्ही बाजूंना सारखेच विद्युत क्षेत्र देत असल्याने समोरच्या बाजूला परत जाणारे क्षेत्रही तितकेच आणि उलटच निघते. हाच तो परावर्तित तरंग, आणि हीच त्याची उलटलेली कला. येणाऱ्या तरंगाचा माथा पत्र्याला टेकतो त्याच क्षणी परतणाऱ्या तरंगाचा तळ पत्र्यापासून निघतो. गणिताच्या भाषेत कला १८० अंशांनी, म्हणजे अर्ध्या आवर्तनाने बदलते. पुस्तकांत हा बदल बहुधा सीमेवरची अट म्हणून एका ओळीत उरकला जातो. अट बरोबरच असते, पण उलटापालट कोण करतो ते तिच्यातून दिसत नाही. ती करतात पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन.

आता बेरीज. पत्र्यापासूनचे अंतर d आणि तरंगलांबी λ मानली, तर पत्र्याकडे येणारे आणि परतणारे क्षेत्र अनुक्रमे असे लिहिता येते:

E₀ cos(ωt + kd) आणि −E₀ cos(ωt − kd), जिथे k = 2π/λ

दुसऱ्या पदातले उणे चिन्ह म्हणजेच उलटलेली कला. दोन्हींची बेरीज येते ती अशी:

E = −2E₀ sin(kd) sin(ωt)

मूळ तरंगांत जागा आणि काळ एकाच कंसात बांधलेले होते. त्यामुळेच माथा पुढे सरकत होता. बेरजेत ते सुटे झाले. एक गुणक फक्त जागा पाहतो, दुसरा फक्त वेळ. जिथे sin(kd) शून्य आहे तिथे घड्याळात काहीही वाजले तरी क्षेत्र शून्यच. असे होते d = 0, λ/2, λ, 3λ/2 या ठिकाणी. पहिला निस्पंद पत्र्यावरच आहे, पुढचे अर्ध्या-अर्ध्या तरंगलांबीवर, आणि प्रस्पंद λ/4, 3λ/4 अशा मधल्या जागी.

अंतर पूर्ण तरंगलांबीचे नसून निम्मे का, याचे कारण सोपे आहे. निरीक्षक पत्र्यापासून जेवढा दूर सरकतो, त्याच्या दुप्पट वाट परतणाऱ्या तरंगाला जादा चालावी लागते, कारण ती जाऊन-येऊन असते. अर्धी तरंगलांबी मागे सरकले की जाण्यायेण्यात पूर्ण एक तरंगलांबी भरते, आणि दोन तरंगांचे नाते पुन्हा होते तसे होते. या हिशेबात कला उलटण्याचा कुठेच संबंध येत नाही. कला न उलटता तरंग परतला असता, तरी निस्पंदांमधले अंतर λ/2 हेच राहिले असते. फक्त पहिला निस्पंद पत्र्यावर न पडता λ/4 अंतरावर पडला असता. सगळी रांग पाव तरंगलांबीने सरकली असती, एवढेच. म्हणून कोणी निस्पंदांमधले अंतर मोजून ‘कला उलटते हे सिद्ध झाले’ असे म्हटले, तर ते मान्य करता येत नाही.

गंमत अशी की कला न उलटणारा जोडीदार याच तरंगात हजर असतो. विद्युत चुंबकीय तरंगात विद्युत क्षेत्राच्या काटकोनात चुंबकीय क्षेत्र असते, आणि ऊर्जा कोणत्या दिशेने जाणार हे दोघांच्या परस्पर मांडणीवर ठरते. परतणाऱ्या तरंगाची दिशा उलटी असायची, तर दोघांपैकी नेमके एकच क्षेत्र उलटावे लागते. विद्युत क्षेत्र उलटले आहे, तेव्हा चुंबकीय क्षेत्र होते तसेच राहते. पत्र्यावर त्याची बेरीज दुप्पट होते. तिथे चुंबकीय क्षेत्राचा प्रस्पंद आणि पाव तरंगलांबीवर त्याचा पहिला निस्पंद. बंदराच्या सरळ उभ्या धक्क्याला पाण्याची लाट समोरून भिडते तेव्हाही असेच दिसते: भिंतीला लागून पाण्याची आडवी हालचाल होऊच शकत नाही, पण पाण्याची पातळी मात्र तिथेच सर्वांत जास्त चढते आणि उतरते. आडवा वेग हा इथे विद्युत क्षेत्राच्या जागी आहे आणि पातळी चुंबकीय क्षेत्राच्या.

त्यामुळे ‘निस्पंदावर काहीच नसते’ हे म्हणणे अर्धवट आहे. विद्युत क्षेत्राच्या निस्पंदावर चुंबकीय क्षेत्र जोरात असते. शिवाय दोघांची वेळही जुळत नाही: एक sin(ωt) प्रमाणे चालते, दुसरे cos(ωt) प्रमाणे. एका क्षणी सगळ्या जागेत विद्युत क्षेत्र शून्य होते आणि सगळी ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात जाते. पाव आवर्तनानंतर ती विद्युत क्षेत्रात, पाव तरंगलांबी पलीकडे गेलेली असते. ऊर्जा एवढ्याच टापूत ये-जा करते. पत्र्याकडे जेवढी येते तेवढीच परत फिरते, म्हणून सरासरीने कुठेच काही वाहत नाही.

आकड्यांत पाहायचे तर १० गिगाहर्ट्झचा सूक्ष्म तरंग घेऊ. त्याची तरंगलांबी हवेत ३ सेंटिमीटर, म्हणजे निस्पंद दर दीड सेंटिमीटरला. येणाऱ्या विद्युत क्षेत्राचे शिखर मीटरला १० व्होल्ट असेल, तर पत्र्यापासून पाऊण सेंटिमीटरवर ते २० व्होल्ट होते आणि पत्र्यावर शून्य. पत्र्याच्या पृष्ठभागावर त्या वेळी रुंदीच्या दर मीटरला सुमारे ५३ मिलिअँपिअर शिखराचा प्रवाह खेळत असतो. तरंग परतवण्याचे सगळे काम एवढासा प्रवाह करतो.

आदर्श संवाहक प्रत्यक्षात मिळत नाही, पण या वारंवारतेला तांबे त्याच्या इतके जवळ आहे की फरक शोधायला जावे लागते. तांब्यात क्षेत्र शिरते, पण पाऊण मायक्रोमीटरच्याही आतच त्याचा जोर एक तृतीयांशाच्या आसपास उतरतो. येणाऱ्या ऊर्जेतले दहा हजारांतले साधारण तीन भाग धातू तापवण्यात जातात, बाकी सगळी परत. इलेक्ट्रॉनांची खोडाखोड अगदी पृष्ठभागावर न होता या पातळ थरात होत असल्याने पहिला निस्पंदही पृष्ठभागाच्या किंचित आत, मायक्रोमीटरच्या एक तृतीयांशावर जातो. दीड सेंटिमीटरच्या रांगेत एवढी सरक कोणत्याही प्रयोगशाळेतल्या मोजपट्टीला दिसणार नाही.

मोजणी करताना त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टींचा. प्रयोगाची मांडणी साधी आहे: एका बाजूला कर्ण्याच्या तोंडाचा प्रेषक, समोर ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि दोघांच्या मधल्या पट्टीवर सरकणारा लहान डायोड शोधक. शोधक सरकवत मीटरचा काटा सर्वांत खाली जातो त्या जागा टिपायच्या. दोन शेजारच्या जागांमधले अंतर मोजले आणि वाचनात एक मिलिमीटर चूक झाली, तर १५ मिलिमीटरमध्ये ती जवळजवळ सात टक्के होते. म्हणून अकरा निस्पंद मोजून मधली दहा अंतरे एकदम घ्यायची. ती १५ सेंटिमीटर भरली, तर तीच चूक पाऊण टक्क्याच्याही आत येते. काटा तळाशी असताना नेमका तळ कुठे ते डोळ्यांना ठरवता येत नाही. त्यापेक्षा तळाच्या दोन्ही बाजूंना काटा सारख्याच आकड्यावर येतो त्या दोन जागा टिपून मधला बिंदू घेणे चांगले.

काटा शून्यावर येत नाही, ही पहिली तक्रार असते. दोष पत्र्यावर ढकलला जातो, पण पत्रा बहुधा निर्दोष असतो. कर्ण्यातून निघालेला तरंग खरा प्रतल तरंग नसतो, तो पसरत जातो. परतणाऱ्या तरंगाने जास्त वाट चाललेली असल्याने तो अधिक पसरलेला आणि म्हणून अधिक क्षीण असतो. त्याचे क्षेत्र येणाऱ्याच्या ८० टक्के उरले असेल, तर निस्पंदावर २० टक्के शिल्लक राहते. कारण हेच आहे का, ते ओळखण्याची खूण सोपी आहे: पत्र्याजवळचे निस्पंद खोल असतात आणि पत्र्यापासून दूर जावे तसे उथळ होत जातात. सगळेच सारखे उथळ असतील, तर पत्र्याचा आकार, त्याचा कल किंवा शोधकाची स्वतःचीच अडवणूक यांच्याकडे पाहावे. कल असला तर अंतरही बदलते. तरंग सरळ न येता ३० अंशांच्या तिरक्या कोनातून आला, तर पत्र्याच्या लंबरेषेवर मोजलेले अंतर १.५ ऐवजी सुमारे १.७३ सेंटिमीटर भरते. तिरपेपणाने ते नेहमी वाढते, कधी घटत नाही.

परतलेला तरंग प्रेषकाच्या कर्ण्यावर आपटून पुन्हा पत्र्याकडे येतो, ही दुसरी अडचण. तिच्याबद्दल भीती बरीच असते, पण शोधक सरकवून मोजणी केली तर ती निरुपद्रवी आहे. कितीही वेळा येणे-जाणे झाले, तरी पत्र्याकडे जाणाऱ्या सर्व तरंगांची बेरीज हा एकच तरंग मानता येतो, आणि पत्रा त्या सगळ्याला उलटवून परत पाठवतो. निस्पंद आपापल्या जागी राहतात, फक्त काट्याची एकूण झेप कमीजास्त होते. शोधक स्थिर ठेवून पत्रा सरकवला, तर मात्र ही झेप प्रत्येक जागी बदलत जाते आणि वाचने वाकडी होतात. शोधक सरकवायचा आणि पत्रा जागचा हलवायचा नाही, या नियमामागचे कारण हे.

या पद्धतीने हवेतला विद्युत चुंबकीय तरंग पहिल्यांदा मोजला तो हाइनरिश हर्ट्झ यांनी, जर्मनीतल्या कार्ल्सरुहे इथे, १८८८ साली. व्याख्यानाच्या सुमारे १५ मीटर लांबीच्या दालनात एका भिंतीवर ४ मीटर उंच आणि २ मीटर रुंद जस्ताचा पत्रा बसवलेला होता, आणि ठिणगीवर चालणारा प्रेषक त्यापासून १३ मीटरवर. शोधक म्हणजे ३५ सेंटिमीटर त्रिज्येचे तारेचे कडे, त्याला बारीक फट. फटीत ठिणगी उडते का, किती ठळक उडते, हे अंधारात पाहत हर्ट्झ यांनी भिंतीपासून निरनिराळ्या अंतरांवर नोंदी केल्या. निस्पंदांमधले अंतर त्यांना ४.८ मीटर मिळाले, म्हणजे तरंगलांबी ९.६ मीटर. पत्रा तरंगलांबीच्या एक चतुर्थांशाहूनही अरुंद होता आणि दालनात लोखंडी खांब होते, तेव्हा एवढे जुळले हेच विशेष. पहिला निस्पंद मात्र त्यांच्या हिशेबाने भिंतीवर आला नाही, तो भिंतीच्या सुमारे ०.७ मीटर मागे पडला. हर्ट्झ यांनी तो आकडा लपवला नाही आणि परावर्तन अपुरे असल्याचे ते लक्षण मानले.

जिनिव्हामध्ये एडुआर साराझाँ आणि ल्युसियाँ द ला रीव्ह यांनी हाच प्रयोग पुढे नेला. १६ मीटर रुंद आणि ८ मीटर उंच पत्रा उभा करून १८९३ साली त्यांनी दिलेल्या निष्कर्षांनी हर्ट्झ यांच्या मोजणीतली एक मोठी विसंगती दूर केली: तारेतला आणि हवेतला तरंगाचा वेग हर्ट्झ यांना वेगवेगळा मिळाला होता, मोठ्या पत्र्यासमोर तो सारखाच निघाला. त्याआधी या दोघांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली होती. प्रेषक तोच ठेवून शोधकाचे कडे बदलले, की निस्पंदांमधले अंतरही बदलत होते. स्थिर तरंग प्रेषकाचा असेल, तर हे व्हायला नको. उलगडा असा की ठिणगीचा प्रेषक दोन-चार हेलकाव्यांत विझतो, कडे मात्र एकदा हादरले की आपल्याच लयीत बराच वेळ झुलत राहते. येताना तरंगाने त्याला एक धक्का दिला आणि परतताना दुसरा. ते दोन धक्के एकमेकांना साथ देतात की मारतात, हे कड्याच्या स्वतःच्या लयीवर ठरते. मोजली जात होती ती कड्याची तरंगलांबी. अखंड, एकाच वारंवारतेचा तरंग नसेल, तर स्थिर तरंगाचे सोपे सूत्र कसे फसवते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

पहिला निस्पंद आरशावरच असतो, याचा पुरावा त्याच सुमारास प्रकाशाने दिला. प्रकाशाचे निस्पंद सुमारे पाव मायक्रोमीटरवर असतात, म्हणजे त्यांच्यामध्ये कोणताही नेहमीचा शोधक मावणार नाही. ओट्टो वीनर यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रकाशाच्या तरंगलांबीच्या विसाव्या-तिसाव्या भागाइतका पातळ, प्रकाशाला काळा पडणारा थर काचेवर बसवला आणि ती काच चांदीच्या आरशासमोर अगदी किंचित तिरपी ठेवली. तिरपा थर एकामागून एक निस्पंद आणि प्रस्पंद यांच्या पातळ्या कापत जातो. कोन पुरेसा लहान ठेवला, अंशाच्या साठाव्या भागाएवढा, तर पाव मायक्रोमीटरचे अंतर पसरून साधारण एक मिलिमीटर होते आणि नुसत्या डोळ्यांना दिसणारे काळे-पांढरे पट्टे उमटतात. थर आरशाला टेकला होता तिथे तो काळा पडलाच नाही.

या एका निरीक्षणातून दोन गोष्टी एकदम ठरल्या. आरशावर ज्याचा निस्पंद असतो ते विद्युत क्षेत्र, म्हणजे कला त्याचीच उलटते. आणि प्रकाशाला संवेदनशील थर काळा पडतो तो विद्युत क्षेत्रामुळे, आरशावर भरात असलेल्या चुंबकीय क्षेत्रामुळे नव्हे. मात्र दृश्य प्रकाशासाठी चांदी आदर्श संवाहक राहत नाही. क्षेत्र तिच्यात काही दशांश नव्हे, तर दहा-वीस नॅनोमीटरपर्यंत शिरते. निस्पंदांमधले अंतरच पाव मायक्रोमीटरचे असल्याने ही सरक आता नगण्य नसते, आणि पहिला निस्पंद पृष्ठभागाच्या आत, मोजता येईल इतका सरकलेला असतो. पुढचे निस्पंद त्याच्यापासून अर्ध्या-अर्ध्या तरंगलांबीवर, पूर्वीसारखेच.